रिपोर्टची तारीख की अपलोडची?

आज घरचाच किस्सा सांगतो. बाबांना १२ वर्षांपासून डायबेटिस आहे. त्यांचे सगळे रिपोर्ट मी एका हेल्थ ॲपमध्ये ठेवतो. मध्यंतरी कपाटात जुनी फाइल सापडली, तिचेही फोटो काढून टाकले.

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी ॲप बघितलं. सगळ्यात वर क्रिएटिनिन १.१. म्हणाले, "किडनी ठीक आहे, मेटफॉर्मिन तेवढीच चालू ठेवा."

मला खटकलं, कारण मागच्याच महिन्यात १.८ आलं होतं. झालं असं, की ॲपने फोटोंना अपलोडची तारीख लावली होती. १.१ चा रिपोर्ट चार वर्षं जुना होता! क्रम नीट लावला तर आकडे १.१, १.४, १.८ असे चढत गेलेले. डॉक्टरांनी ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते ते काढलं आणि मेटफॉर्मिनचा डोस निम्मा केला.

म्हणून अपलोड करताना रक्त दिलं ती तारीख टाका. रिपोर्टवर ती `Collected` समोर असते. ॲपमध्ये तारीख बदलता येत नसेल तर फाइलच्या नावातच लिहा:

`2024-03-12_creatinine_1.8`

आज घरच्यांच्या ॲपमधला सगळ्यात वरचा रिपोर्ट उघडून तारीख बघा. भेटू पुढच्या भागात!