सामन्याची बातमी : आधी निकाल, मग खेळ



शाळेच्या वार्षिकासाठी मुले सामन्यांचे वृत्तान्त लिहितात. विक्रोळीतील कोणत्याही शाळेचे वार्षिक उघडा. पुष्कळदा आरंभ असा असतो : ‘सकाळी ठीक नऊ वाजता प्रमुख पाहुण्यांनी श्रीफळ वाढवले. हवा प्रसन्न होती.’ मग नाणेफेक, मग प्रत्येक षटक, आणि अगदी तळाशी कळते की आपली शाळा हरली. तुम्ही संध्याकाळी घरी आलात की आई काय विचारते? नाणेफेक कोणी जिंकली हे नाही. ती विचारते, ‘जिंकलात की हरलात?’ वृत्तान्ताचे पहिले वाक्य हे त्या प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे.

यासाठी आपल्याच मुंबईतला एक शालेय सामना घेऊ. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस ढालीचा उपान्त्य सामना : शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची 664 धावांची अखंड भागी सर्वांना ठाऊक आहे. पण सामन्याचे काय झाले, असे विचारले तर बरेचजण गप्प होतात. विक्रमाने निकाल झाकून टाकला.

आता एखाद्या विद्यार्थ्याने याची बातमी क्रमाने लिहिली आहे, असे समजा. दोन गडी 84 धावांत बाद झाले, मग भागी जमली, मग डाव घोषित झाला, वगैरे. त्याचा मजकूर फाडू नका. शेवटाकडचा निकाल उचलून वर आणा आणि त्याच्याच शेजारी निकालाचे कारण ठेवा : ‘सेंट झेवियर्सला 145 धावांत गुंडाळून 603 धावांची आघाडी घेत शारदाश्रमने हॅरिस ढालीची अंतिम फेरी गाठली. विनोद कांबळी (नाबाद 349) आणि सचिन तेंडुलकर (नाबाद 326) यांच्या 664 धावांच्या अखंड भागीने शारदाश्रमची धावसंख्या 2 बाद 748 झाली होती.’ विक्रम लहान झाला नाही. तो जागेवर बसला. आणि 145 हा आकडा वर आल्याबरोबर वाचक विचारतो, ‘बळी कोणी घेतले?’ उत्तर आहे कांबळीच : 37 धावांत 6. नुसत्या विक्रमाच्या बातमीत हे राहूनच जाते.

वर आणलेला आकडा तपासून घ्या, कारण आता त्याच्यावर सर्वांची नजर जाणार. 84 आणि 664 मिळून 748, हे जुळते. पण 349 आणि 326 मिळून 675 होतात, भागीपेक्षा 11 जास्त. चूक आहे का? नाही. दोघांपैकी एक जण आधीपासून खेळत होता, त्याच्या निदान 11 धावा भागीपूर्वीच्या असणार. हे समजून घेतल्याशिवाय आकडा ‘दुरुस्त’ करणारा संपादक बातमी बिघडवतो.

निकाल वर गेला म्हणजे खेळाचे वर्णन कापायचे, असा मात्र अर्थ नाही. उलट आता वाचकाला शेवट ठाऊक आहे, तेव्हा तो ‘कसे’ एवढ्यासाठीच पुढे वाचणार. सगळा खेळ देऊ नका. सामना जिथे वळला ते दोनतीन क्षण घ्या आणि तिथे थांबा. या सामन्यात मी एक क्षण नक्की ठेवीन. डाव घोषित करा, असे निरोप मैदानाबाहेरून येत होते आणि ही दोन पोरे तिकडे बघायचेच टाळत होती. ही आठवण त्यांनी पुढे सांगितली. ‘अप्रतिम फलंदाजी’ या शब्दांनी जे दिसत नाही ते इथे दिसते.

आपल्या कबड्डीचे असेच. समजा, आपण 28–27 असे जिंकलो. मुलगा लिहितो : ‘शेवटच्या चढाईत आमच्या खेळाडूने चित्तथरारक खेळ केला.’ त्याला विचारा, त्याने केले काय? तो सांगेल : तीन बचावपटू होते, उजव्या कोपऱ्यातल्याने घोटा धरला, हा पालथा पडला, आणि दम तुटायच्या आत त्याची बोटे मध्यरेषेला लागली. तेच लिहून घ्या. ‘चित्तथरारक’ खोडा. घोटा, बोटे, मध्यरेषा ठेवा.

इथे एक गफलत हमखास होते. निकाल वर नेला की पुढचा मजकूर उघडा पडतो. पहिल्या वाक्यात विजय सांगून झाला असताना चौथ्या परिच्छेदात ‘आता काय होणार, कोण जिंकणार?’ हे वाक्य तसेच राहते. अशी वाक्ये शोधून काढावी लागतात. तसेच ‘त्याने’, ‘यानंतर’ हे शब्द तपासा. जागा बदलल्यावर ते भलत्याच खेळाडूकडे बोट दाखवतात. पाहुण्यांची नावे शेवटी एका ओळीत येऊ द्या. आणि आपण हरलो असू, तरी क्रम हाच : पहिल्या वाक्यात जिंकणाऱ्या शाळेचे नाव आणि गुण, पंचांच्या निर्णयाची तक्रार त्यानंतर, तीही गुणपत्रकात नोंद असेल तरच.