घाईतल्या वाचकासाठी प्रगती अहवाल

९ ऑगस्ट १९४० रोजी, महायुद्ध सुरू असताना, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी एक टिपण काढलं: अहवाल आखूड ठेवा, मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा, किचकट तपशील पुरवणीत द्या.

प्रगती अहवालाला आजही हेच लागू पडतं. समजा, गावात पाणीयोजनेचं काम चालू आहे. ‘काम समाधानकारक असून उर्वरित पाइपलाइन लवकरच पूर्ण होईल’ या वाक्यातून वरिष्ठ अभियंत्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी मुद्दा असा लिहावा: ‘पाइपलाइन अडली. रस्ता खोदायची परवानगी हवी. जबाबदारी शाखा अभियंत्याची. मुदत १५ जून, आधीची १ जून.’ स्थिती सुरुवातीलाच येते, कारण घाईतली नजर ओळीच्या शेवटापर्यंत पोचेलच असं नाही.

जबाबदारी एकाच माणसावर हवी. नुसतं ‘बांधकाम विभाग’ लिहिलं, तर फोन कुणाला करायचा? मुदत पुढे ढकलली, तरी आधीची तारीख खोडू नये. जुनी शेजारी राहिली तरच उशीर दिसतो.

ज्यावर वरिष्ठांचा निर्णय हवा, तो मुद्दा सर्वांत वर. झालेली कामं तळाशी. पाठवण्यापूर्वी प्रत्येक मुद्द्याचे पहिले दोन-तीन शब्दच वाचून पाहावेत. तेवढ्यावरून काय अडलंय ते कळत नसेल, तर मांडणी पुन्हा करावी.