पहिल्या उत्तराचा सूर

आमच्या ज्येष्ठ नागरिक मदत केंद्राकडे व्हॉट्सॲपवर आलेला एक निरोप आधी वाचून दाखवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

‘ह्यांना जाऊन दीड महिना झाला. बँकेत ह्यांच्या नावावर एफडी आहे, नॉमिनी मी आहे. बँकवाले वारस दाखला मागतात. मला यातलं काही कळत नाही.’

आमच्या स्वयंसेवकानं उत्तर पाठवलं: ‘आपला संदेश प्राप्त झाला. मयत खातेदाराच्या ठेवीबाबत आपण विहित नमुन्यात दावा अर्ज करू शकतो. काळजी करू नये.’ दोन दिवसांनी बाईंचा फोन आला, ‘अर्ज तुम्ही करताय ना?’

बाईंचं काय चुकलं? मराठीतलं ‘आपण’ दुतोंडी आहे. ते आदरार्थी ‘तुम्ही’ही असतं आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही असतं. ‘आपण अर्ज करू शकतो’ म्हटल्यावर बाई आमची वाट बघत बसल्या. त्या फोननंतर आम्ही पहिल्या उत्तरासाठी एका पानाची लेखनपाटी केली आणि तिची पहिली ओळ लिहिली: समोरच्याला ‘तुम्ही’, केंद्राला ‘आम्ही’, ‘आपण’ कुठेच नाही.

शब्दांचा नियम एवढाच, की विचारणाऱ्याचे शब्द उचलायचे. बाई ‘नॉमिनी’ म्हणाल्या, तर उत्तरातही नॉमिनीच. नामनिर्देशित व्यक्ती नव्हे. बँकेच्या काउंटरवर ‘क्लेम फॉर्म’ मागायचा असतो, तर उत्तरातही क्लेम फॉर्म. ‘मयत’ मात्र कायमचा खोडला. ज्या बाईनं नवऱ्याचं नावही न घेता ‘हे’ म्हटलं, तिच्या पुढ्यात सातबाऱ्यावरचा शब्द ठेवायचा नाही. आम्ही ‘तुमचे यजमान’ लिहितो. कुणाला तो शब्द जुनाट वाटतो. मग तिनं ‘मिस्टर’ म्हटलं असेल तर मिस्टर.

जिव्हाळ्यावर आमचा सर्वांत मोठा वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, चार ओळी सांत्वनाच्या हव्यातच. मला ते पटलं नाही. तिनं लिहिलेल्या एका गोष्टीची नेमकी दखल घेणारं एक वाक्य पुरतं. ‘तुमच्या भावना आम्ही समजू शकतो’ हे आम्ही बाद केलं. ते कुणालाही चिकटवता येतं. ‘काळजी करू नका’ही गेलं, कारण त्यानंतर काय करायचं ते कळत नाही. ‘फक्त एक फॉर्म भरायचाय’ यातला ‘फक्त’सुद्धा गेला. ज्याला फॉर्म जमत नाही, त्याला तो टोचतो. आणि ‘पैसे तुमचेच आहेत’ हे सगळ्यांत गोड वाक्य सगळ्यांत घातक. नॉमिनीला बँक रक्कम देते ती वारसांच्या वतीनं सांभाळायला. मालकी वारसाहक्कानं ठरते. धीर द्यायच्या भरात आपण घरात भांडण पेरून येतो.

मग हे वारसांचं प्रकरण पहिल्याच उत्तरात समजावायचं का? नाही, इथे लांबीचा प्रश्न येतो. आमची मर्यादा साठ-सत्तर शब्दांची, म्हणजे फोन हातात धरल्यावर बोटानं न सरकवता दिसेल तेवढं. त्यात उद्या सकाळी करायचं काम बसलं पाहिजे; बाकीचं दुसऱ्या उत्तरात. बाईंना आम्ही नव्यानं लिहिलेलं उत्तर असं:

‘यजमानांना जाऊन दीडच महिना झालाय, त्यात तुम्हाला बँकेच्या खेपा. नोंदीत तुम्ही नॉमिनी असाल आणि कोर्टाची मनाई नसेल, तर वारस दाखला लागत नाही. क्लेम फॉर्म मागा. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि एफडीची पावती न्या. फॉर्म घेतल्याची पोच घ्या. नाही म्हणाले, तर कारण लेखी मागा आणि आम्हाला कळवा. पैसे आल्यावर खर्च करण्याआधी एकदा आमच्याशी बोला.’

शेवटच्या वाक्यात वारसांच्या हक्काची सूचना आहे, स्पष्टीकरण नाही. कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. तेही पहिल्या उत्तरात घातलं नाही. पोच हातात आल्यावरच त्या दिवसांचा उपयोग.

उत्तर जमलं की नाही हे ओळखायची आमची रीत साधी आहे. पाठवण्याआधी ते केंद्रातल्या दुसऱ्या कुणालातरी एकदाच वाचायला द्यायचं, फोन काढून घ्यायचा आणि विचारायचं, ‘उद्या कुठे जाणार? काय नेणार?’ अडखळला, तर उत्तर परत लिहायचं.

ही पाटी एका ठिकाणी मोडते. ‘आत्ता खात्यातून पैसे गेले’ असा निरोप आला, की दखलीचं वाक्यही मागे जातं. पहिली ओळ: ‘आधी 1930 ला फोन करा, मग बँकेला फोन करून खातं थांबवा.’ तिथे मिनिटं मोजायची असतात, कारण चोरट्यानं पैसे पुढच्या खात्यात वळवण्याआधी ते अडवता आले तर आले. ‘ओटीपी का सांगितलात?’ हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारायचा नाही. तो आमच्यातल्या एकानं विचारला होता. पलीकडच्या आजोबांनी फोन ठेवला आणि 1930 चा आकडा त्यांना सांगायचाच राहिला.