पूल जुळला नव्हता, पान मात्र मी जुळवलं होतं

हेडफोन लावलेत ना? आज एक छोटं काम करायचंय. घरात कालचा-परवाचा पेपर असेल तर तो समोर घ्या. नसेल तर फोनवर एखाद्या ई-पेपरचं पहिलं पान उघडून ठेवा. आज आपण बातमी वाचायची नाहीये, पान वाचायचंय. आणि उदाहरण म्हणून मी माझंच एक फसलेलं पान घेतलंय.

काही वर्षं मी अंधेरीतल्या एका छोट्या स्थानिक दैनिकात पानं लावायचो. 'पान लावणं' म्हणजे कुठली बातमी कुठे जाणार, मथळा केवढा, फोटो कुठे, हे ठरवून पान छपाईसाठी तयार करणं. 26 फेब्रुवारी 2024, सोमवार. त्या दिवशी अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू वाहनांसाठी खुली झाली. पूर्व आणि पश्चिम जोडणारा हा पूल नोव्हेंबर 2022 पासून बंद होता, त्यामुळे आमच्या भागासाठी यापेक्षा मोठी बातमी नव्हती. पण एक घोळ होता. जुहूकडे जाणारा बर्फीवाला उड्डाणपूल या नव्या पुलाला जुळतच नव्हता. दोघांच्या उंचीत माणसाएवढा फरक पडला होता. म्हणजे पूर्वेकडून पुलावर चढा, पण जुहूला वरच्या वर जाता येणार नाही, खाली एस. व्ही. रोडला उतरावं लागणार.

मी पान असं लावलं. वर आठही कॉलमभर 60 पॉइंटमध्ये मथळा: 'गोखले पूल अखेर खुला!' (72 पॉइंट म्हणजे एक इंच, एवढं लक्षात ठेवा.) त्याखाली उद्घाटनाचा पाच कॉलमी फोटो. आणि पूल जुळत नसल्याची बातमी? ती आठव्या कॉलमात, तळाला, 16 पॉइंटच्या मथळ्याखाली.

मंगळवारी रात्री आमच्या चाळीतले रिक्षावाले काका भेटले. म्हणाले, ''काय रे, तुझा पेपर टपरीवर बघितला आणि जुहूचं भाडं घेतलं. पुढे बघतो तर वर चढायला रस्ताच नाही. पॅसेंजर माझ्यावर ओरडला.'' मी म्हटलं, ''काका, आत दिलं होतं ना, शेवटच्या कॉलमात.'' ते म्हणाले, ''शेवटच्या कॉलमात कोण बघतं?''

खरंय. टपरीवर पेपर घडी करून ठेवलेला असतो. काकांना फक्त वरची अर्धी बाजू दिसली, आणि त्या अर्ध्या बाजूने त्यांना चुकीचं सांगितलं. बातमीत एक शब्दही खोटा नव्हता. चूक पानात होती. त्या रात्री मी तेच पान घेऊन बसलो आणि तीन गोष्टी तपासल्या.

पहिली गोष्ट, मथळ्यांची उतरंड. तुम्ही आत्ता करून बघा: पानाचा फोटो काढा आणि गॅलरीत तो अंगठ्याच्या नखाएवढा दिसू दे. अजून जे वाचता येतंय, तेच त्या पानाचं म्हणणं. माझ्या पानावर एकच ओळ वाचता येत होती, 'पूल अखेर खुला'. त्याखालचे मथळे 34, 32, 32 आणि 30 पॉइंटचे. सगळे एकाच उंचीचे, जणू चौघं जण एकदम बोलतायत. डोळ्याला फरक कळायला एका पायरीवरून दुसरीवर जाताना आकार साधारण दीडपट बदलावा लागतो. म्हणून नव्या मांडणीत मी 48, 32, 22 आणि 16 अशा पायऱ्या घेतल्या. इंग्रजीत जोर द्यायला कॅपिटल अक्षरं असतात. देवनागरीत ती सोय नाही, आपल्याकडे आकार आणि ठळकपणा हेच मुख्य.

मुख्य मथळाही बदलला: 'गोखले पूल खुला, पण जुहूचा मार्ग तुटलेलाच'. हा मथळा मोठा, म्हणून दोन ओळींत. इथे आपल्या लिपीची एक अडचण येते. वरच्या ओळीतला 'जुहू'चा उकार खाली लोंबतो आणि खालच्या ओळीतल्या 'मार्ग'चा रफार वर जातो. ओळी जवळ ठेवल्या तर दोघं एकमेकांत अडकतात. 48 पॉइंटच्या अक्षराला मी ओळीसाठी 56 ते 58 पॉइंट जागा धरतो. जागा वाचवायला ती 50 केली की मथळा लगेच गिचमिड दिसतो.

दुसरी गोष्ट, फोटो. उद्घाटनाचा फोटो आडवा, वीसेक सेंटिमीटर रुंद. त्यात हारतुरे दिसत होते, पूल जवळजवळ नव्हताच. आमच्या फोटोग्राफरने दिलेल्या फोटोंत एक वेगळा होता: दोन पुलांची टोकं, मधली उंची, आणि तिथे उभा असलेला हेल्मेटवाला कामगार. तो मी आधी बाजूला टाकला होता, कारण तो आडव्या जागेत बसत नव्हता. आडवा कापला की खालचा पूल जायचा आणि फरकच दिसेनासा व्हायचा. बातमी उभ्या अंतराची, तर फोटोलाही उंची हवी. माणूस कापायचा नाही, कारण त्याच्यामुळेच अंतर केवढं ते कळतं.

नव्या मांडणीत हा फोटो उजवीकडे तीन कॉलमात घेतला, 12 सेंटिमीटर रुंद आणि 13 उंच. 13च का? पान साधारण 52 सेंटिमीटर उंच, घडी 26वर. मास्टहेड आणि मथळ्यात पहिले 12 गेले. उरलेल्या जागेत फोटो आणि त्याची ओळ घडीच्या वर संपली पाहिजे, नाहीतर टपरीवर अर्धाच पूल दिसणार. उद्घाटनाचा फोटो टाकून दिला नाही, घडीखाली दोन कॉलमात घेतला.

तिसरी गोष्ट, कॉलमची लय. आठ कॉलमच्या पानात एक कॉलम जेमतेम पावणेचार-चार सेंटिमीटरचा. त्यात मजकुराच्या तीन-चार शब्दांची ओळ बसते. आता त्या ओळीत 'महानगरपालिकेच्या' आणि 'उड्डाणपुलाच्या' आले, आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या असल्या, की संगणक शब्दांमध्ये मोठी भगदाडं पाडतो. पान हातभर लांब धरा. पांढऱ्या भेगा वरून खाली ओघळताना दिसल्या तर समजा लय तुटली. फोटोशेजारच्या पाच कॉलमच्या जागेत मी तीनच रुंद कॉलम केले, प्रत्येकी साडेसहा सेंटिमीटरचे. भेगा बऱ्याच बुजल्या. शिवाय मुख्य बातमी रुंद आणि बाकीच्या अरुंद, त्यामुळे कुठली बातमी कुठे संपते हेही न वाचता कळू लागलं.

सगळं सुटलं का? नाही. खालची जाहिरातपट्टी आधीच विकलेली होती, तिला हात लावता येत नव्हता. रुंद कॉलममुळे जागा कमी पडली आणि एक बातमी आत तिसऱ्या पानावर ढकलावी लागली. पान लावताना हे होतंच, कुणाला तरी खाली बसवावं लागतं. पण कुणाला बसवतोय हे माहीत असलं पाहिजे. सोमवारी रात्री मी ते न ठरवताच जुहूच्या बातमीला खाली बसवलं होतं.

पुढे बर्फीवाला पूल जॅक लावून वर उचलला आणि जुलै 2024 मध्ये तो गोखले पुलाला जोडला गेला. माझं दुरुस्त पान मात्र कधी छापलं गेलं नाही. ते मी काकांना दाखवलं, घडी करून. त्यांनी वरची बाजू बघितली आणि म्हणाले, ''हे बघितलं असतं तर भाडं घेतलं नसतं.''

तुमच्या हातातल्या पानाला हीच परीक्षा द्या. घडी करा, वरची बाजू पाच सेकंद बघा, मग पेपर उलटा ठेवा आणि काय कळलं ते मोठ्याने सांगा. नंतर पूर्ण बातमी वाचा. दोन्हींत फरक पडला, तर तो कुठल्या मथळ्यामुळे किंवा कुठल्या फोटोमुळे पडला ते शोधा. सापडलं की त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या भागात तुमची पानं घेऊनच बसू. भेटूया!