दोन गोलांचा भाव



१२ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकात 'अ' गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी झाले. नवी मुंबईत अमेरिका-कोलंबिया, दिल्लीत घाना-भारत. त्याआधी अमेरिकेचे गुण सहा, गोलफरक अधिक चार. घाना आणि कोलंबिया तीन-तीन गुणांवर, दोघांचा गोलफरक शून्य. भारताचा एकही गुण नव्हता.

समजा एक चिठ्ठी आहे: अमेरिका पहिल्या दोघांत आली तर शंभर रुपये, नाही आली तर काही नाही. तिचा वाजवी भाव किती?

धोका एकाच वाटेने येतो. कोलंबिया आणि घाना दोघेही जिंकले की तिघांचे सहा-सहा गुण होतात. तेव्हा आधी गोलफरक, मग एकूण गोल, मग आपसातला सामना, असा क्रम लागतो. आता गंमत पाहा. अमेरिकेने तोवर चार गोल केले होते, कोलंबियाने दोन. म्हणून कोलंबिया बरोबर दोन गोलांनी जिंकला, तर स्कोअर कोणताही असो, दोघांचा गोलफरकही सारखा आणि एकूण गोलही सारखे! मग आपसातल्या सामन्यामुळे कोलंबिया वर. एका गोलाने हरली तर मात्र अमेरिका सुरक्षित.

हे संगणकाला सांगायचे. प्रत्येक संघाची सरासरी गोलसंख्या धरायची: अमेरिका व कोलंबिया प्रत्येकी १.३, घाना २, भारत ०.७. हे माझे अंदाज आहेत. त्यांवरून पॉयसाँ पद्धतीने दोन्ही सामन्यांचे गोल पाडायचे, तक्ता मांडायचा, नियमाने क्रम लावायचा आणि हे दहा हजार वेळा करायचे. अमेरिका तिसरी येण्याची शक्यता सुमारे साडेपाच टक्के निघते. म्हणजे चिठ्ठीचा भाव सुमारे साडेचौऱ्याण्णव रुपये. बरोबरी झाल्यावर नुसती नाणेफेक केल्यासारखे समान वाटप केले असते, तर शक्यता आठ टक्के आली असती. फरक सुमारे अडीच रुपयांचा, आणि तो केवळ नियम न वाचल्याचा.

दहा हजार फेऱ्यांमुळे येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. खरी चूक सरासरीच्या अंदाजात असते. शिवाय दोन सामने एकमेकांपासून स्वतंत्र धरले आहेत. दुसऱ्या मैदानावरची बातमी कळताच संघ खेळ बदलतात, हे त्यात येत नाही.

प्रत्यक्षात कोलंबिया ३-१ ने जिंकला, घाना ४-० ने. घाना पहिला, कोलंबिया दुसरा, अमेरिका तिसरी. उत्तम तिसऱ्या संघांतून ती पुढे गेली खरी, पण आपली चिठ्ठी वाया गेली. यावरून भाव चुकला असे ठरत नाही. साडेपाच टक्के म्हणजे साधारण अठरांत एकदा. भाव सांगण्याआधी स्पर्धेच्या नियमपुस्तिकेतले बरोबरीचे कलम वाचा, कारण स्पर्धा बदलली की त्याचा क्रमही बदलू शकतो.