स्कीमने माल जातो, ब्रँड राहतो का?
(मंडळाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संक्षेप)

आपल्यापैकी कुणी लोणची-मसाले करतात, कुणी अगरबत्ती, कुणी साबण. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो. हातात पैसे मोजके. ते जाहिरातीत घालायचे की ‘दहावर एक फ्री’ देऊन आत्ता माल काढायचा? माझी नोकरी विक्री खात्यात गेली, म्हणून एका ओळखीच्या मसालेवाल्याची गोष्ट सांगतो. हिशेब समजावा म्हणून आकडे सोपे केले आहेत.

त्यांची पाकिटे महिन्याला दहा हजार जात. पाकिटामागे कंपनीच्या हाती ५० रुपये येत, खर्च ३५ आणि सुटत १५. म्हणजे महिन्याला दीड लाख. एका सप्टेंबरात त्यांनी दहावर एक फ्री दिले आणि पंधरा हजार पाकिटे विकली गेली. फुकट पाकिटांचा खर्च वजा जाता विकलेल्या पाकिटामागे साडेअकरा रुपये सुटले, एकूण १ लाख ७२ हजार ५००. सगळे खूश!

पण ऑक्टोबरात विक्री सात हजारांवर आली आणि नोव्हेंबरात साडेआठ हजारांवर. कारण साधे आहे. माल गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात गेला नव्हता, दुकानदाराच्या फळीवर भरला गेला होता. शिवाय दीड हजार फुकट पाकिटेही त्याला विकायची होतीच. मग तो नवी ऑर्डर कशाला देईल? तीन महिन्यांत सुटले ४ लाख ५ हजार. स्कीम दिलीच नसती आणि रोजचा खप तसाच राहिला असता, तर सुटले असते साडेचार लाख. म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये गाठीचे गेले. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की स्कीमचा हिशेब एका महिन्याचा करू नका. पुढचे दोन महिने त्यात धरा. दिवाळीत स्कीम दिली असेल तर मागच्या दिवाळीशीच ताडून पाहा, कारण सणाचा खप एरवीही वाढतोच.

मुख्य नुकसान मात्र पुढेच आहे. दोन-चार वेळा असे झाले की दुकानदार विचारतो, “भाऊ, स्कीम कधी?” आणि तोवर माल उचलत नाही. आपला खरा भाव मग स्कीमचा भाव होऊन बसतो. आमच्या मसालेवाल्यांचे असेच झाले. स्कीमचा खर्च विक्रीच्या हिशेबात मुरत असल्यामुळे तो जाहिरातीच्या खात्यात दिसतही नव्हता. आम्ही बसून वर्षाचा आकडा काढला तेव्हा जवळजवळ सगळे बजेट स्कीमवर गेलेले निघाले.

ब्रिटनमधील लेस बिनेट आणि पीटर फील्ड यांनी २०१३ साली बऱ्याच जाहिरात मोहिमांचा अभ्यास मांडला. त्यांचा ढोबळ निष्कर्ष असा, की साठ टक्के खर्च नाव रुजवण्यावर आणि चाळीस टक्के तत्काळ विक्रीवर असावा. पण त्या मोहिमा बहुतेक मोठ्या ब्रँडच्या होत्या. जो माल दुकानात पोचलेलाच नाही, त्याची जाहिरात करून लहान कारखानदाराला काय मिळणार? म्हणून आम्ही निम्मे-निम्मे ठरवले.

नावासाठीचे पैसे शहरभर उधळले नाहीत. जिथे माल बहुतेक दुकानांत होता, असे दोनच भाग निवडले. तिथे दुकानांवर पाट्या लावल्या आणि वर्षभर ठरावीक शनिवारी त्याच मसाल्याची भाजी चाखायला दिली. पाकिटाचा रंग आणि जाहिरातीतले वाक्य अजिबात बदलले नाही. स्कीम राहिली ती नव्या दुकानाच्या पहिल्या ऑर्डरपुरती. नव्या गिऱ्हाइकासाठी दहा रुपयांचे छोटे पाकीट काढले.

पहिली तिमाही कठीण गेली. विक्री घटली, डिस्ट्रिब्युटर रागावला, आणि पगाराच्या तारखेला मालकांनी मला फोन करून विचारले, “चुकलो तर नाही ना?” मी त्यांना एकच आकडा पाहायला सांगितले : ज्या महिन्यात स्कीम नाही, त्या महिन्याचा खप. वर्षाअखेर निवडलेल्या दोन भागांत तो सुमारे आठव्या हिश्शाने वाढला. बाकी शहरात होता तिथेच राहिला. फार मोठी झेप नव्हे, पण ही वाढ पूर्ण भावाची होती.

स्कीम वाईट असते असे मी म्हणत नाही. मालाची मुदत संपत आली असेल, रोकड अडकली असेल किंवा नव्या दुकानात शिरायचे असेल, तर ती जरूर द्यावी. फक्त सवयीने देऊ नये. यंदाचे बजेट मांडताना स्कीमचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा, एवढीच विनंती करून माझे दोन शब्द संपवतो.