लघवीच्या जागेतून पू

समजा, कुंभारीतल्या एका तरुणाला लघवी करताना आग होते आणि चड्डीला पिवळे डाग पडतात. तो याला 'उष्णता' म्हणतो आणि सब्जा पितो. पण हा बहुधा परमा, म्हणजे गनोरिया असतो. संबंधानंतर दोन ते पाच दिवसांत तो दिसतो. क्लॅमिडिया एक ते तीन आठवड्यांनी उमटतो आणि त्यात स्राव पातळ, थोडा असतो. मात्र दोन्ही रोग एकत्रही असू शकतात, नुसत्या रंगावरून ओळखू नये.

दवाखान्यात पुवाचा थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवतात. पेशींच्या आत जोडीजोडीने जंतू दिसले तर गनोरिया. क्लॅमिडिया असा दिसत नाही, त्यासाठी लघवीची जनुकीय तपासणी लागते. त्याआधी तासभर लघवी करू नका आणि पहिलीच धार द्या; मधली धार दिली तर जंतू निसटतात.

तपासणीची सोय नसेल तर सरकारी सुरक्षा क्लिनिकात दोन्हींवर एकदम उपचार करतात. करड्या पाकिटातल्या गोळ्या म्हणजे सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, एकाच वेळी. काहींना इंजेक्शन किंवा सात दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नका; अर्धवट औषधाने गनोरियाचे जंतू दाद देईनासे होतात.

बायकोला त्रास नसला तरी तिलाही औषध हवेच, नाहीतर रोग परत येतो. सात दिवस संबंध टाळा. एचआयव्ही आणि गरमीचीही रक्ततपासणी करून घ्या. आठवड्यानंतरही पू येत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. विचारायला संकोच वाटत असेल, तर १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे.